ताळा जुळला, पण माल जुळला का?

दुकानातल्या संगणकाला फळीवर काय आहे ते दिसत नाही. किती माल आल्याची नोंद झाली आणि किती मालाची बिले झाली, एवढेच त्याला ठाऊक असते. पहिल्यातून दुसरे वजा करून तो जो आकडा दाखवतो, त्याला आपण सिस्टीमची शिल्लक म्हणतो. माल आला पण बिल चढवायचे राहिले, बिल एका वस्तूचे झाले आणि पिशवीत दुसरीच गेली, पाकीट फुटले आणि कुणी लिहून ठेवले नाही, असे काही घडले की आकडा एकीकडे आणि फळी दुसरीकडे जाऊ लागते. वर्षभर हे कुणाच्या लक्षात येत नाही. मार्चअखेर शटर ओढून मालमोजणी होते तेव्हा ते कागदावर उतरते. एका रकान्यात सिस्टीमची शिल्लक, शेजारी हाताने मोजलेली शिल्लक आणि त्यापुढे दोन्हींमधला फरक.

इथपर्यंतचे काम बऱ्याच दुकानांत होते. त्यापुढचा रकाना फरकाच्या कारणाचा. तो बहुधा कोरा राहतो, नाहीतर वरपासून खालपर्यंत ‘मोजणी फरक’ असे दोन शब्द लिहून मोकळे होतात. सगळी मेहनत ज्या रकान्यासाठी केली तोच असा वाया जातो. हा रकाना कसा भरायचा, आणि तो न भरता आकडे दुरुस्त केले तर काय होते, ते एका नमुन्यावर पाहू.

तालुक्याच्या गावातली एक सुपर शॉपी डोळ्यांसमोर आणा. किराणा, साबण, बिस्किटे, मागे गोदाम, पुढे दोन काउंटर. फळीवर दीड-दोन हजार प्रकारचा माल असला तरी आपण त्यातल्या दहाच ओळी घेऊ. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण अशी प्रत्येक ओळ कुठल्याही किराणा दुकानात भेटेल.

मोजायला सुरुवात करण्यापूर्वी

मोजणीच्या निम्म्या भानगडी मोजणी सुरू होण्याआधीच ठरतात. पहिली गोष्ट म्हणजे रेघ ओढणे. विक्रीचे शेवटचे बिल कितव्या क्रमांकाचे, खरेदीचे शेवटचे चढवलेले बिल कुणाचे आणि किती तारखेचे, हे तक्त्याच्या माथ्यावर लिहायचे आणि त्या क्षणीची सिस्टीम शिल्लक काढून ठेवायची. दुकान उघडे ठेवूनच मोजायचे असेल तर प्रत्येक ओळीपुढे मोजल्याची वेळ हवी. मग मोजलेल्या नगांत शिल्लक काढल्यापासून मोजेपर्यंत विकले गेलेले नग मिळवायचे आणि त्याच वेळात आलेले वजा करायचे, म्हणजे दोन्ही आकडे एकाच क्षणाचे होतात. शटर बंद करून मोजणाऱ्याला हा खटाटोप करावा लागत नाही.

दुसरी गोष्ट, मोजणाऱ्याच्या हातातल्या कागदावर सिस्टीमचा आकडा छापू नये. समोर ९० लिहिलेले असले आणि मोजून ८६ भरले, तर माणूस ‘असतील मागे चार’ म्हणून ९० लिहितो. यात लबाडी असतेच असे नाही, रात्रीचे अकरा वाजलेले असतात. म्हणून मोजणीच्या कागदावर मालाचे नाव, एकक, जागा आणि मोकळा रकाना एवढेच ठेवावे. एकाने मोजावे, दुसऱ्याने लिहावे आणि मोजून झालेल्या फळीवर चिठ्ठी चिकटवावी. चुकलेला आकडा गिरवायचा नाही. त्यावर एक रेघ मारून शेजारी नवा लिहायचा आणि सही करायची. दोन्ही आकडे एकत्र येतात ते नंतर, टेबलावर.

पहिला तक्ता

आपल्या शॉपीचा त्या रात्रीचा तक्ता असा दिसतो. मोजलेल्या आकड्यातून सिस्टीमचा आकडा वजा केला की फरक मिळतो. उणे म्हणजे माल कमी, अधिक म्हणजे जास्त. किंमत खरेदी दराने धरली आहे, एमआरपीने नाही, कारण माल गेला तर दुकानदाराच्या खिशातून गेलेला पैसा खरेदीचा असतो.

| माल | सिस्टीम | मोजणी | फरक | खरेदी दर (रु.) | फरकाची किंमत (रु.) |
|---|---|---|---|---|---|
| तांदूळ, २५ किलो कट्टा | ३६ | ३० | −६ | १,३५० | −८,१०० |
| तेल, १५ किलो डबा | १२ | १० | −२ | २,१९० | −४,३८० |
| तेल, १५ लिटर डबा | ९ | ११ | +२ | १,९९० | +३,९८० |
| साखर, ५० किलो पोते | ४ | ३ | −१ | २,१०० | −२,१०० |
| साखर, १ किलो पुडा | १३६ | १८५ | +४९ | ४२ | +२,०५८ |
| चहा, २५० ग्रॅम | ४८ | ७२ | +२४ | ११८ | +२,८३२ |
| काजू, २५० ग्रॅम | ४० | ३१ | −९ | २१५ | −१,९३५ |
| बिस्किटे, फॅमिली पॅक | १४० | ११६ | −२४ | २६ | −६२४ |
| साबण, चंदन | ६४ | ८२ | +१८ | ३० | +५४० |
| साबण, गुलाब | ७१ | ५३ | −१८ | ३० | −५४० |
| एकूण | | | | | −८,२६९ |

एवढा आकडा पाहून मालकाची पहिली नजर नोकरांकडे जाते. ती आधी गोदामाकडे जायला हवी. तक्ता हाती आला की फरकाच्या किमतीप्रमाणे ओळी उतरत्या लावायच्या आणि वरच्या ओळी पुन्हा मोजायच्या. हे पुन्हा मोजणे पहिल्या माणसाने करायचे नाही. जिथे तो चुकला तिथेच पुन्हा चुकण्याची शक्यता जास्त.

इथे सगळ्यात वर तांदूळ आहे. कट्ट्यांची थप्पी पाच-पाचच्या थरांनी लावलेली. पहिल्याने समोरून सहा थर मोजले आणि सहा पंचे तीस लिहिले. दुसऱ्या माणसाने थप्पीच्या कडेने आत जाऊन पाहिले तेव्हा सर्वांत खालचा थर पुढच्या आट्याच्या पिशव्यांआड गेलेला सापडला, आणि वर, भिंतीकडच्या बाजूला, एक सुटा कट्टा आडवा पडलेला होता. पाच साते पस्तीस आणि एक छत्तीस. फरक शून्य. आठ हजार शंभर रुपयांचे तांदूळ कुठेही गेलेले नव्हते. तक्त्यात ३० वर रेघ मारून ३६ लिहिले जातात आणि कारणाच्या रकान्यात येते, ‘पहिल्या मोजणीत खालचा थर व एक सुटा कट्टा सुटला, फेरमोजणी ३६’.

बाकीच्या नऊ ओळी फेरमोजणीतही तशाच राहिल्या. आता बेरीज करा. फरक उरतो उणे १६९ रुपये.

एकशे एकोणसत्तर रुपये

लाखो रुपयांच्या मालात १६९ रुपयांचा फरक पाहून कुणीही म्हणेल, जुळलेच की. बरेच जण इथे थांबतात, १६९ रुपये तुटीत टाकतात, सिस्टीममध्ये सगळे आकडे मोजणीप्रमाणे करून घेतात आणि दिवा मालवून घरी जातात.

पण हा आकडा अधिक आणि उणे एकमेकांत विरघळून तयार झाला आहे. चिन्हे बाजूला ठेवून त्या नऊ ओळींच्या किमतींची बेरीज केली तर ती १८,९८९ रुपये येते. म्हणजे जवळपास एकोणीस हजारांच्या मालाची नोंद जागेवर नाही आणि निव्वळ फरक मात्र १६९. म्हणून चांगल्या तक्त्याखाली दोन बेरजा हव्यात, एक चिन्हांसकट आणि एक चिन्हांशिवाय. पहिली सांगते की पैशात किती फरक पडला, दुसरी सांगते की नोंदींची शिस्त किती बिघडली आहे.

आता एकेका ओळीकडे जाऊ. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच आहे. कारण सुचते आहे ते ठीक, पण त्याला पुरावा काय?

जोडीने येणारे फरक

एका ओळीत −१८ आणि शेजारच्या ओळीत +१८ दिसले की समजावे, माल हरवलेला नाही, नाव चुकले आहे. साबणाचे तसेच आहे. गिऱ्हाईक तीन साबण आणते, दोन गुलाबाचे आणि एक चंदनाचा. काउंटरवरचा मुलगा चंदनाच्या वडीचा बारकोड दाखवतो आणि संख्या ३ दाबतो. दर एकच, त्यामुळे गल्ल्यात पैसे बरोबर येतात, गिऱ्हाईक खूष, रांग पुढे सरकते. सिस्टीमला मात्र तीन चंदन गेल्याचे कळते. पैशाचा फरक शून्य असला तरी ही ओळ सोडून देऊ नये, कारण पुढची ऑर्डर याच आकड्यांवरून जाते. सिस्टीम म्हणते गुलाब ७१ आहेत, म्हणून गुलाब मागवला जात नाही, आणि एक दिवस फळीवर गुलाब संपतो. याला पुरावा बिलांमध्ये मिळतो. एकाच सुवासाची संख्या तीन-चार असलेली बिले वारंवार आणि एकाच काउंटरवर दिसली तर कारण पक्के झाले.

तेलाची जोडी वरवर अशीच दिसते, दोन कमी आणि दोन जास्त. पण इथे दर वेगळा आहे. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा अंधाऱ्या गोदामात सारखेच दिसतात. तेल पाण्यापेक्षा हलके, एका लिटरचे वजन साधारण ९१० ग्रॅम. त्यामुळे १५ लिटरच्या डब्यात भरते साडेतेरा किलोच्या थोडे वर, नेमके सांगायचे तर १३ किलो ६५० ग्रॅमच्या आसपास. एका डब्यामागे सव्वा किलोहून जास्त तेलाचा फरक पडतो.

या ओळीला तीन कारणे असू शकतात. खरेदीचे बिल चढवताना प्रकार चुकला, किंवा काउंटरवर १५ किलोचा डबा १५ लिटरच्या भावाने विकला गेला, किंवा होलसेलरने बिल एकाचे लावले आणि माल दुसरा उतरवला. तिन्ही कारणांनी तक्त्यात नेमका हाच फरक दिसेल, पण परिणाम वेगवेगळा. पहिल्यात फक्त नोंद सुधारायची, दुसऱ्यात दुकानाचे नुकसान झालेले, तिसऱ्यात होलसेलरकडून पैसे परत मागायचे.

आवक वही उघडली तर २४ मार्चच्या पानावर ‘तेल डबे ८’ एवढेच लिहिलेले. त्या दिवशीचे बिल १५ किलोच्या आठ डब्यांचे आहे आणि ते तसेच चढवलेले आहे, म्हणजे पहिले कारण बाद. मग पुरावा डब्यांवरच शोधायचा. १५ लिटरचे अकराही डबे बाहेर काढून त्यांवरची पॅकिंगची तारीख वाचली. नऊ डबे जानेवारीत भरलेले, दोन मार्चमध्ये. दुकानाने १५ लिटरचे डबे शेवटचे घेतले फेब्रुवारीत. मार्चमध्ये भरलेला डबा फेब्रुवारीच्या बिलात येऊ शकत नाही. म्हणजे ते दोन डबे २४ मार्चच्याच गाडीतून, १५ किलोच्या बिलावर उतरले. होलसेलरकडून येणे दोन डब्यांच्या दरातला फरक, ४०० रुपये. आणि धडा असा की आवक वहीत ‘डबे ८’ लिहून भागत नाही, किलो की लिटर हेही लिहावे लागते.

साखरेची जोडीसुद्धा एकाच घटनेची आहे. एक पोते कमी, ४९ पुडे जास्त. २९ मार्चला पोते फोडून पुडे भरले, पण पोत्याचे पुडे केल्याची नोंद सिस्टीममध्ये झाली नाही. पॅकिंगच्या वहीत मात्र ती आहे, ‘एक पोते, ४९ पुडे’. प्रश्न एवढाच की पन्नास किलोचे ४९ का झाले? याचे उत्तर काट्यावर मिळते. भरलेले दहा पुडे पिशवीचे वजन सोडून मोजले तर १० किलो १२० ग्रॅम भरले, म्हणजे पुड्यामागे १२ ग्रॅम जास्त. ४९ पुड्यांत ५८८ ग्रॅम साखर अशी फुकट गेली. उरलेली चारशे-सव्वाचारशे ग्रॅम पोत्याच्या शिवणीत आणि जमिनीवर.

किंमत ४२ रुपये, म्हणून ही ओळ क्षुल्लक वाटेल. पण दुकान महिन्याला वीस पोती भरत असेल तर महिन्याला वीस किलो, म्हणजे ८४० रुपये, आणि वर्षाला दहा हजारांच्या वर. पुड्यात एक किलोपेक्षा कमी भरणे कायद्यात बसत नाही, आणि १२ ग्रॅम जास्त भरणे परवडत नाही. काटा आणि भरणाऱ्याचा हात, दोन्ही या ओळीमुळे तपासले जातात.

जास्त निघालेला माल

आपल्याकडे तूट निघाली की चौकशी होते, वाढ निघाली की समाधान वाटते. चहाच्या ओळीला म्हणूनच कुणी हात लावत नाही. सिस्टीमपेक्षा २४ पाकिटे जास्त, २,८३२ रुपयांचा माल जणू देवाने दिला.

२४ हा आकडाच बोलका आहे. एका बॉक्समध्ये २४ पाकिटे येतात. फरक बॉक्सच्या पटीत निघाला की कारण काउंटरवर शोधू नये, आवकेत शोधावे. ३१ मार्चला संध्याकाळी डिस्ट्रिब्युटरचा माणूस एक बॉक्स देऊन गेला, मुलाने तो फोडून फळीवर लावला आणि बिल खिळ्याला अडकवले. ते सिस्टीममध्ये चढणार २ एप्रिलला. माल मोजणीत आला, बिल आले नाही. ही वाढ कमाईची नाही. डिस्ट्रिब्युटरचे तेवढे पैसे द्यायचे आहेत आणि ते देणे अजून वहीत दिसत नाही.

घाईने आकडे दुरुस्त करण्याचा खरा फटका इथे बसतो. समजा त्या रात्री सिस्टीममधले ४८ पुसून ७२ केले. दोन दिवसांनी खिळ्यावरचे बिल चढले, सिस्टीममध्ये आणखी २४ जमा झाले. फळीवर तेवढे नाहीतच. पुढच्या मोजणीत चहा २४ पाकिटांनी कमी निघणार, आणि तोवर हे बिल कुणाच्या लक्षात राहिलेले नसणार. तेव्हा कारणाच्या रकान्यात ‘चोरी’ लिहिले जाईल. चोर मात्र त्या रात्रीची दुरुस्ती असेल. म्हणून आधी कारण, मग कारणाप्रमाणे नोंद, असाच क्रम हवा. इथे योग्य नोंद एकच आहे, ते बिल ३१ मार्चच्या तारखेने चढवायचे. ते चढले की फरक आपोआप शून्य होतो.

बाहेर गेलेला माल

बिस्किटांचे २४ पॅक कमी आहेत. तेही मुदत संपलेले म्हणून कंपनीच्या सेल्समनने परत नेलेले. त्याची हातची चिठ्ठी गल्ल्यात आहे, क्रेडिट नोट यायची आहे. माल दुकानात नाही, पण ६२४ रुपये येणे आहे. चिठ्ठी हाच इथला पुरावा. ती नसती तर ही ओळ नुकसानीत गेली असती आणि क्रेडिट नोट आली की नाही हे विचारायचे कुणाला सुचलेही नसते.

राहिले काजू. नऊ पाकिटे कमी. त्यातली चार मालकाच्या घरी गेली आहेत, घरखर्चाच्या वहीत तारखेसह नोंद आहे, किंमत ८६० रुपये. उरली पाच. बिले पाहिली, परतीचा माल पाहिला, गोदाम पाहिले, शेजारच्या बदामांचा आकडा पाहिला, कारण कधी कधी तेही अदलाबदलीत जाते. बदाम बरोबर निघाले. काजूची फळी दाराजवळ, काउंटरवरून न दिसणारी. चोरी झाली असावी असा कयास बांधता येतो, पण कयास म्हणजे कारण नव्हे. अशा ठिकाणी तक्त्यात प्रामाणिक शब्द दोनच, ‘कारण सापडले नाही’. या ओळीला ओढूनताणून कारण चिकटवणे हे कारण न लिहिण्यापेक्षा वाईट, कारण मग शोध तिथेच संपतो.

दुसरा तक्ता

आता रिकामा रकाना भरून तक्ता पुन्हा लिहू.

| माल | फरकाची किंमत (रु.) | कारण | पुरावा | पुढे काय |
|---|---|---|---|---|
| तेल, दोन्ही डबे | −४०० | बिल किलोचे, माल लिटरचा | डब्यांवरची तारीख, २४ मार्चचे बिल | होलसेलरकडून वसुली |
| साखर, पोते व पुडा | −४२ | पॅकिंगची नोंद राहिली. जास्त भरणा | पॅकिंग वही, दहा पुड्यांचे वजन | नोंद करणे, ४२ रु. घट |
| चहा | +२,८३२ | बिल चढवायचे राहिले | डिस्ट्रिब्युटरचे बिल | ३१ मार्चला खरेदी नोंद |
| बिस्किटे | −६२४ | मुदत संपून परत | सेल्समनची चिठ्ठी | क्रेडिट नोट येणे |
| काजू, ४ पाकिटे | −८६० | घरी वापर | घरखर्चाची वही | मालकाच्या खाती |
| काजू, ५ पाकिटे | −१,०७५ | सापडले नाही | – | तूट. फळी नजरेखाली |
| साबण, दोन्ही | ० | एकाच बारकोडवर बिल | काउंटरची बिले | आकड्यांची अदलाबदल |
| एकूण | −१६९ | | | |

बेरीज तीच आली, १६९. फक्त आता ती फोडून वाचता येते. २,८३२ रुपये देणे आहे. १,०२४ रुपये येणे आहे. ८६० रुपये मालकाने उचलले. आणि दुकानाचे खरे नुकसान १,११७ रुपये, त्यातले ४२ काट्यावरचे आणि १,०७५ काजूचे. ज्याने १६९ रुपये तुटीत टाकून वही मिटली त्याने नुकसान कमी दाखवले, वसुली सोडून दिली आणि देणे विसरले, तीनही एका फटक्यात.

कारणाचा हा रकाना करासाठीही लागतो. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे हरवलेल्या, चोरीस गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा वहीतून काढून टाकलेल्या मालावर खरेदीच्या वेळी घेतलेले इनपुट क्रेडिट परत करावे लागते. घरी वापरलेल्या मालावरही ते मिळत नाही. म्हणजे कंपोझिशन योजनेत नसलेल्या या दुकानदाराला काजूच्या नऊही पाकिटांवरचे क्रेडिट उलटवायचे आहे, चहा-तेलाच्या फरकावरचे नाही. सगळ्यांपुढे ‘मोजणी फरक’ लिहिले असेल तर हे वेगळे काढणार कसे? मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तर लेखापरीक्षकांना सरकारच्या २०२० च्या आदेशानुसार मालाच्या एखाद्या वर्गात एकूण १० टक्के किंवा त्याहून जास्त तफावत सापडली का, आणि ती वह्यांमध्ये नीट मार्गी लावली का, हे अहवालात सांगावे लागते.

जिथे फरकच नाही

तक्त्याची एक मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. तो फक्त संख्या तोलतो. ज्या ओळीपुढे शून्य आहे तिथे कुणी पाहत नाही, आणि काही गोष्टी नेमक्या तिथेच असतात. फळीवर शाम्पूच्या ३० बाटल्या आहेत, सिस्टीममध्येही ३०, पण त्यातल्या दहांची मुदत गेल्या महिन्यात संपली आहे. संख्या जुळली, किंमत जुळली नाही. साठ्याचे मूल्य खरेदी किंमत किंवा विकून मिळू शकणारी किंमत, यांपैकी जी कमी तिने धरायचे असते, आणि त्या दहा बाटल्या कंपनी परत घेणार नसेल तर त्यांना किंमतच उरत नाही. म्हणून मोजणीच्या कागदावर ‘मुदत संपलेले’ आणि ‘फुटलेले’ असे दोन रकाने वेगळे ठेवतात. आणि मोजणाऱ्याने खोकी नुसती डोळ्यांनी मोजू नयेत, हाताने उचलावीत. रिकामे खोकेही समोरून भरल्यासारखेच दिसते.

कागद कागदाशी जुळणे आणि कागद मालाशी जुळणे यातले अंतर अमेरिकेत १९३८ साली फार महागात पडले. मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीच्या वह्यांत सुमारे १ कोटी डॉलरचा माल दाखवलेला होता, तोही कॅनडातल्या गोदामांत, आणि तो मुळात अस्तित्वातच नव्हता. खरेदीची बिले होती, विक्रीची बिले होती, सगळे एकमेकांशी जुळत होते. गोदामात जाऊन पाहणे त्या काळी लेखापरीक्षकाचे काम मानले जात नव्हते. पुढच्याच वर्षी तिथे नियम बदलला आणि मालमोजणीला लेखापरीक्षकाने हजर राहायचे ठरले. आपल्याकडेही साठ्याची रक्कम मोठी असेल तर लेखापरीक्षणाच्या मानकांनुसार त्याने मोजणीला हजर राहणे अपेक्षित असते. तिथे तो दोन्ही बाजूंनी तपासतो. कागदावरच्या काही ओळी निवडून त्यांचा माल शोधतो, आणि फळीवरच्या काही वस्तू उचलून त्या कागदावर आहेत का ते पाहतो. पहिल्याने खोटा दाखवलेला माल सापडतो, दुसऱ्याने नोंदच नसलेला.

काजूच्या पाच पाकिटांचे काय?

वर्षातून एकदा केलेली मोजणी एवढेच सांगते की मागच्या मार्चपासून या मार्चपर्यंत कधीतरी पाच पाकिटे गेली. कुणी नेली, कधी नेली, याचे उत्तर बारा महिन्यांच्या पसाऱ्यातून निघत नाही. म्हणून जो माल लहान, महाग आणि खिशात मावणारा आहे, तो वर्षाची वाट न पाहता मोजायचा. काजू-बदाम, रेझरची पाती, अत्तर, अशा वीसेक वस्तू निवडून दर सोमवारी दुकान उघडण्यापूर्वी मोजल्या तर पंधरा-वीस मिनिटांत काम होते. एखाद्या सोमवारी दोन पाकिटे कमी निघाली तर पाहायचे दिवस फक्त सात उरतात. त्या सात दिवसांची बिले, कॅमेऱ्याचे चित्रण आणि कामाच्या पाळ्या डोळ्याखालून घालणे जमण्यासारखे आहे. चित्रण तर बऱ्याच दुकानांत काही आठवड्यांपुरतेच टिकते, त्यामुळे मार्चमध्ये सापडलेल्या तुटीसाठी जूनचे चित्रण पाहायला मिळत नाही.

तांदळाचे कट्टे आणि तेलाचे डबे वर्षातून दोनदा मोजले तरी चालतील, ते कुणी खिशात घालून नेत नाही. त्यांच्या तक्त्यात येणारे फरक कागदाचे असतात आणि ते कागदातच सापडतात. काजूचे तसे नाही. तिथे कागद संपतो आणि मोजण्याची वारंवारता वाढवणे हाच एक उपाय राहतो.